हिब्रूत प्रेमाची चिठ्ठी: कोण लिहितंय आणि कोणाला?

मराठीत तो ‘प्रेम करतो’ म्हणतो, ती ‘प्रेम करते’ म्हणते. ‘तुझ्यावर’ मात्र दोघांसाठी सारखंच राहतं. हिब्रूत हे ‘तुझ्यावर’सुद्धा बदलतं.

वर्तमानकाळातलं क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे चालतं: पुरुष ‘ओहेव’ म्हणतो, स्त्री ‘ओहेवेत’. पुढचं सर्वनाम ऐकणाऱ्याकडे पाहतं: स्त्रीला ‘ओताख’, पुरुषाला ‘ओत्खा’. म्हणून पुरुष स्त्रीला लिहितो ‘अनी ओहेव ओताख’ आणि स्त्री पुरुषाला ‘अनी ओहेवेत ओत्खा’. पुरुषाने पुरुषाला लिहिलं तर ‘अनी ओहेव ओत्खा’, स्त्रीने स्त्रीला लिहिलं तर ‘अनी ओहेवेत ओताख’.

विशेषण प्रिय व्यक्तीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. प्रिय पुरुष ‘याकार शेली’, प्रिय स्त्री ‘येकारा शेली’. ‘शेली’ म्हणजे ‘माझा’ किंवा ‘माझी’. ते बदलत नाही. ‘तू सुंदर आहेस’ हे तिला ‘आत याफा’, त्याला ‘अता याफे’.

आता त्याने तिला लिहिलेली पूर्ण चिठ्ठी:

‘येकारा शेली, आत याफा. अनी ओहेव ओताख. अनी मितगाअगेआ एलायिख.’

शेवटच्या वाक्याचा अर्थ ‘तुझी खूप आठवण येते’. तीच चिठ्ठी तिने त्याला लिहिली तर:

‘याकार शेली, अता याफे. अनी ओहेवेत ओत्खा. अनी मितगाअगाअत एलेखा.’

रोजच्या हिब्रू लेखनात स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे ‘ओताख’ आणि ‘ओत्खा’ कागदावर सारखेच दिसतात. ‘ओहेव’ आणि ‘ओहेवेत’ मात्र वेगळे दिसतात, कारण स्त्रीरूपाच्या शेवटी ‘ताव’ हे अक्षर येतं. चिठ्ठी पाठवण्याआधी ते अक्षर तपासा, आणि मोठ्याने वाचताना सर्वनामाचा उच्चार.