हे वाक्य माझंच ना?

लोणारवरचा लेख संपादकांकडे पाठवायच्या आदल्या रात्री मी त्यातली बारा वाक्यं एकेक करून गूगलमध्ये टाकून पाहिली. ही सवय मला गेल्या काही वर्षांत लागली आहे. त्या रात्री त्यातल्या एका वाक्यानं मला बराच वेळ जागं ठेवलं. ते वाक्य असं होतं: ‘विवराच्या काठावर उभं राहिलं की आधी तळं दिसत नाही, आधी शांतता दिसते.’ लेखातलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य. मी त्यानंच लेखाची सुरुवात केली होती.

वाक्य तपासायची पद्धत साधी आहे. शोधायच्या चौकटीत वाक्य नुसतं टाकलं तर गूगल त्यातले शब्द सुटे सुटे धरतं, त्यांचा अर्थ लावतं आणि त्या विषयावरची पानं समोर ठेवतं. आपल्याला विषय नको असतो, नेमकी तीच शब्दांची ओळ हवी असते. त्यासाठी वाक्याच्या दोन्ही टोकांना दुहेरी अवतरणचिन्हं द्यायची. मग त्याच क्रमानं, त्याच रूपात ते शब्द जिथे असतील तेवढीच पानं येतात. स्वल्पविराम, पूर्णविराम याकडे गूगल सहसा लक्ष देत नाही. अख्खा परिच्छेद टाकून मात्र उपयोग नाही, कारण ठरावीक शब्दसंख्येपुढचे शब्द ते सोडूनच देतं. सहा ते दहा शब्दांचा तुकडा पुरतो.

सगळीच वाक्यं तपासायची गरज नसते. माझ्या लेखात ‘बेसाल्ट खडकात उल्कापातानं तयार झालेलं सरोवर’ असं एक वर्णन होतं. अशा शब्दांची जुळणी सापडली तर मी तिकडे ढुंकून पाहत नाही. लोणारबद्दल कुणीही लिहिलं तरी हीच माहिती जवळपास याच शब्दांत येणार. विश्वकोशात येईल, शाळेच्या पुस्तकात येईल, पर्यटनाच्या माहितीपत्रकात येईल. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल जे नियम केले, त्यांतही सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगानं जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे साम्य मोजताना वगळायला सांगितले आहेत. तो नियम संशोधन-प्रबंधांसाठी आहे. ललित लेखात हिशेब उलटा होतो. तिथे माहितीचे वीस शब्द जुळले तरी चालून जातं आणि प्रतिमेचे तीन शब्द जुळले तरी वाचक मान वर करून बघतो. म्हणून मी तपासायला घेते ती उपमा असलेली वाक्यं, लेखाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य, आणि एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता उतरलेली वाक्यं. शेवटच्या प्रकारावर माझा सगळ्यात जास्त संशय असतो. सहज आलेलं वाक्य कधीकधी आपण आधी कुठेतरी वाचलेलं असतं म्हणूनच सहज येतं.

तर त्या रात्री मी लाडक्या वाक्याचा पहिला तुकडा टाकला:

```
"विवराच्या काठावर उभं राहिलं की आधी तळं दिसत नाही"
```

एकही निकाल नाही. इथे नवखा माणूस दोन प्रकारे फसतो. नेमका मजकूर सापडला नाही की गूगल बऱ्याचदा तसं वर सांगतं आणि खाली अवतरणचिन्हांशिवायचे निकाल दाखवतं. वरची ओळ वाचली नाही तर ती खालची पानं पाहून वाटतं, आपलं वाक्य सगळीकडे पसरलंय. ही फसगत लवकर लक्षात येते. दुसरी फसगत जास्त वाईट. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ माणूस ‘कुठेच नाही’ असा घेतो आणि निश्चिंत झोपतो. मीही पूर्वी झोपायचे.

स्मरणात राहिलेलं वाक्य जसंच्या तसं राहत नाही. त्याची टोकं झिजतात. ‘कडेवर’चं ‘काठावर’ होतं, एखादा शब्द गळतो, क्रियापद बदलतं. अवतरणचिन्हांतला शोध इतका काटेकोर असतो की एक शब्द बदलला तरी अख्खी जुळणी हुकते. टिकून राहतो तो वाक्याचा गाभा, ज्यामुळे ते मनात रुतलं तो भाग. म्हणून लांब तुकड्यानं काही दिलं नाही की गाभ्याचे तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत ठेवायचे आणि विषयाचा एक शब्द बाहेर मोकळा सोडायचा:

```
"आधी शांतता दिसते" लोणार
```

निकाल आला. एकच. एका जुन्या प्रवासलेखाचं पान होतं. दुव्याखालच्या ओळीत ते तीन शब्द दिसत होते. पान उघडलं, Ctrl+F दाबून तेच शब्द पानात शोधले आणि आजूबाजूचा परिच्छेद नीट वाचला. हे करावंच लागतं, कारण कधी मजकूर बदललेला असतो, कधी तेच शब्द भलत्याच संदर्भात असतात. इथे तसं काही नव्हतं. लेखकानं लिहिलं होतं की विवराच्या कडेवर उभे राहिले की तळे नंतर दिसते, आधी शांतता दिसते. म्हणजे कल्पना त्यांची, मांडणी त्यांची आणि माझ्या लेखाची सुरुवातही त्यांचीच.

मी वही काढली. लोणारला जाण्याआधी सहा महिने मी त्या विषयावर मिळेल ते वाचून टिपणं काढली होती. चौथ्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आधी शांतता दिसते!’ उद्गारचिन्ह होतं. अवतरणचिन्ह नव्हतं, लेखकाचं नाव नव्हतं, पान क्रमांक नव्हता. त्या दिवशी मला ते आवडलं म्हणून उतरवलं होतं आणि ते कुणाचं हे लक्षात राहीलच असं गृहीत धरलं होतं. सहा महिन्यांनी त्याच वहीत माझी स्वतःची निरीक्षणंही शेजारी येऊन बसली होती. अक्षर एक, शाई एक. नकळत होणारी उचलेगिरी बहुतेक वेळा इथेच, टिपणाच्या वहीत होते. लेख लिहिताना ती फक्त पुढे सरकते.

वहीसुद्धा नसेल तर नुसती आठवणही हे करू शकते. हेलन केलरची गोष्ट याबाबतीत फार बोलकी आहे. अकरा वर्षांची असताना तिनं ‘द फ्रॉस्ट किंग’ नावाची कथा लिहून बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे प्रमुख मायकेल अनाग्नोस यांना भेट म्हणून पाठवली. ती १८९२ साली छापून आली आणि लगेच लक्षात आलं की मार्गारेट कॅन्बी यांच्या ‘द फ्रॉस्ट फेअरीज’ या कथेशी ती ठिकठिकाणी जुळते. ती कथा हेलनला काही वर्षांपूर्वी हातावर बोटांनी अक्षरं काढून कुणीतरी वाचून दाखवली होती. हेलनला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्या लहान मुलीला शाळेत मोठ्या माणसांच्या चौकशीपुढे बसावं लागलं. पुढे आत्मचरित्रात तिनं लिहिलं आहे की त्यानंतर साधं पत्र लिहितानाही हे शब्द आपले आहेत ना, या शंकेनं तिला ग्रासलं. मला तिच्याबद्दल फार कळवळा वाटतो. तपासून पाहायचं साधनच तिच्याकडे नव्हतं.

मराठीत तपासताना आणखी काही अडचणी येतात आणि त्या इंग्रजीत लिहिणाऱ्यांना सहसा पडत नाहीत. पहिली अनुस्वाराची. मी ‘उभं राहिलं’ लिहिते, त्या लेखकानं ‘उभे राहिले’ लिहिलं होतं. बोली वळणाचं आणि ग्रांथिक वळणाचं रूप यंत्राच्या दृष्टीनं वेगळे शब्द आहेत, म्हणून तोच तुकडा दोन्ही रूपांत टाकून पाहावा लागतो. ‘आधी शांतता दिसते’ मला सापडलं त्यातलं एक कारण हेही होतं की या तीन शब्दांत अशी जागाच नव्हती.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘खाऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला तो आडवा र संगणकात दोन प्रकारे टंकला जातो. कुणी त्यासाठीचं स्वतंत्र अक्षर ‘ऱ’ वापरतं, तर कुणी साधा ‘र’ घेऊन त्याला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र संकेत वेगळे असतात. ‘ॲ’चीही तीच कथा. काटेकोर शोधात असे शब्द एकमेकांशी जुळतीलच याची खात्री नाही. म्हणून तपासायचा तुकडा निवडताना हे शब्द टाळलेले बरे. ‘खाऱ्या पाण्यावर पडलेली संध्याकाळ’ असं काही शोधायचं असेल तर मी ‘पाण्यावर पडलेली संध्याकाळ’ एवढंच टाकते.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. मराठीतलं कितीतरी लेखन या शोधाच्या टप्प्यातच नाही. जुने दिवाळी अंक स्कॅन करून ठेवलेले असले तरी ती नुसती पानांची चित्रं असतात, त्यातली अक्षरं यंत्रानं वाचलेली नसतात. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये तयार केलेल्या फायलींत डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी साठवलेली असते. तिथे ‘शांतता’ शोधून शांतता सापडणार नाही. पुस्तकांसाठी मी तोच तुकडा गूगल बुक्समध्ये टाकून बघते आणि archive.org वर पुस्तकांच्या आतल्या मजकुरात शोधायची सोय आहे, तीही वापरते. तिथेही यंत्रानं वाचलेल्या मराठीत काना-मात्रा इकडच्या तिकडे झालेल्या असतात, म्हणून जोडाक्षरं कमी असलेले दोन-तीन शब्दच घ्यावे लागतात. एवढं करूनही ज्या वाक्याबद्दल मनात खुटखुट उरते, ते मी भरपूर वाचन असलेल्या एका मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवते.

जुळणी सापडल्यावर शब्द फिरवून वाक्य वाचवायचा मोह होतो. मलाही झाला. ‘आधी निःशब्दता भेटते’ असं लिहून पाहिलं. शोधात ते कुठेच सापडलं नसतं, आणि तरीही ते त्यांचंच राहिलं असतं. तळ्याच्या आधी शांतता दिसणं ही गोष्ट त्यांना सुचली होती, मला नाही. मग दोनच वाटा उरल्या. त्यांचं नाव घेऊन त्यांचे शब्द अवतरणचिन्हांत द्यायचे, किंवा वाक्य काढून टाकायचं. दुसऱ्याच्या शब्दांनी लेख सुरू करायचा नव्हता, म्हणून मी ते पहिल्या परिच्छेदातून काढलं आणि तिसऱ्या परिच्छेदात त्यांच्या नावासह, मूळ रूपात ठेवलं.

सुरुवात रिकामी झाली. मी वही परत उघडली आणि लोणारला प्रत्यक्ष काठावर उभी असताना लिहिलेलं पान शोधलं. तिथे शांततेचा उल्लेखच नव्हता. मोर ओरडत होते असं लिहिलेलं होतं, आणि खाली उतरताना तळं झाडीआड गेलं तरी त्याचा उग्र दर्प आपल्याला सोडत नाही असं. मी त्या दर्पापासून लेख सुरू केला. नवं पहिलं वाक्य तुकडे करून, दोन्ही रूपांत, तीन ठिकाणी टाकून पाहिलं आणि मग वहीच्या चौथ्या पानावर जाऊन त्या जुन्या ओळीला अवतरणचिन्हं दिली, शेजारी लेखकाचं नाव लिहिलं.