दहा दिवस की चौदा?

समजा, एका सोसायटीचा स्लॅब पडला आहे. कंत्राटदाराने वर वाफे करून पाणी साठवलं आणि अकराव्या दिवशी ते बंद केलं. सोसायटी म्हणते, पाणी चौदा दिवस हवं होतं. करारात एकच ओळ आहे: 'क्युरिंग आयएस ४५६ प्रमाणे करावे.' दोघेही तीच संहिता पुढे करतात. खरं कोणाचं?

काँक्रीटच्या या भारतीय मानकाची २००० सालची आवृत्ती उघडून बघू. साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखी भर असलेल्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा. इथे क्रियापद 'शॅल' आहे. पुढे मिश्र सिमेंटसाठी ही मुदत चौदा दिवसांपर्यंत नेण्याचा उल्लेख येतो. पण तिथे 'शिफारस आहे' आणि 'मे' हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले आहेत.

मानकं लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या शब्दांची कामं वाटून दिली आहेत. 'शॅल' म्हणजे अट. ती मोडली की काम मानकात बसत नाही. 'शुड' म्हणजे शिफारस; ती पाळणं इष्ट, पण न पाळल्याने मानक मोडत नाही. 'मे' म्हणजे मुभा. शिफारस आणि मुभा एका वाक्यात आल्या की चौदा दिवस हा सल्ला आहे की निव्वळ सवलत, हे कळत नाही. बंधन मात्र दोन्ही अर्थांनी नाही. सिमेंट मिश्र असलं तरी कंत्राटदाराने दहा दिवसांची अट पाळली आहे. सोसायटीची अपेक्षा रास्त असली, तरी ती करारात उतरलेली नाही.

मराठीत घोटाळा आणखी वाढतो, कारण आपलं 'करावे' हुकूमही असतं, सल्लाही आणि विनंतीही. म्हणून करार मराठीत लिहिताना तीन ठरावीक रूपं धरावीत: 'केलेच पाहिजे', 'करणे इष्ट' आणि 'करण्यास मुभा आहे'. त्यांचे अर्थ सुरुवातीलाच सांगून पुढे एकाच्या जागी दुसरं वापरू नये. शैलीसाठी मध्येच 'बंधनकारक', 'आवश्यक' असे शब्द आले, की वाचणारा त्यांत फरक शोधू लागतो.

कर्ताही हवा. 'ओले ठेवले पाहिजे' यात पाणी कोणी मारायचं, ते राहून जातं.

कोणतं रूप वापरायचं ते ठरवण्यासाठी प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारावा: हे झालं नाही तर काम नाकारणार का? नाकारणार असाल तरच 'पाहिजे' लिहा. या सोसायटीची ओळ मग अशी होते: 'मिश्र सिमेंटचा स्लॅब कंत्राटदाराने काँक्रीट ओतल्यापासून १४ दिवस सतत ओला ठेवलाच पाहिजे. त्यासाठी वाफे किंवा ओले गोणपाट यांपैकी काहीही वापरण्यास त्याला मुभा आहे.'

आता अकराव्या दिवशी पाणी बंद झालं, तर वाद घालायला जागा उरत नाही.