नव्या नोकरीतले ऐंशी दिवस

चौथा महिना सुरू असताना नोकरी बदलणाऱ्या बाईला घरी एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘अगं, आता रजा मिळणार का तुला?’ बहुतेकींना खात्रीचं उत्तर देता येत नाही. जुन्या कंपनीत चार-पाच वर्षं झालेली असतात, तिथे रजा मिळालीच असती. नव्या ठिकाणी सहा महिन्यांचा प्रोबेशन असतो आणि एचआरकडून ऐकायला मिळतं की कन्फर्म झाल्याशिवाय प्रसूती रजा नाही. हे ऐकून काही जणी नवी नोकरीच सोडून देतात. कायद्यात मात्र ‘प्रोबेशन’ ही अट कुठेही नाही. अट आहे ती ऐंशी दिवसांची, आणि ते दिवस मोजायच्या आधी नव्या मालकाकडे माणसं किती, हे पाहावं लागतं.

प्रसूती लाभ कायदा १९६१ सालचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने त्यातली भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर ती बाराच आठवडे मिळते. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि या जुन्या कायद्याची जागा तिने घेतली, पण इथे ज्या दोन अटींबद्दल लिहितो आहे त्या तिने तशाच ठेवल्या आहेत.

पहिली अट दिवसांची. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत, ज्या मालकाकडे रजा मागायची त्याच मालकाकडे, किमान ऐंशी दिवस प्रत्यक्ष काम झालेलं असावं. जुन्या कंपनीतले दिवस नव्या कंपनीच्या हिशेबात धरले जात नाहीत, मग तिथे दहा वर्षं काढलेली असली तरी. एकाच उद्योगसमूहाच्या दुसऱ्या कंपनीत जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. वरचं नाव एक असलं तरी कागदावर मालक वेगळा असू शकतो. म्हणून नेमणूकपत्रात सेवा सलग धरली जाईल असं स्पष्ट लिहून घ्यावं.

एक उदाहरण तारखांसकट पाहू. समजा, डॉक्टरांनी दिलेली तारीख १५ ऑक्टोबर २०२६ आहे. तिने ३० एप्रिलला जुनी नोकरी सोडली आणि सोमवारी, ४ मे रोजी पुण्यातल्या साठ माणसांच्या कंपनीत ती रुजू झाली. तेव्हा तिचा सतरावा आठवडा चालू होता. आठवड्याला सहा दिवस काम असेल आणि तिने एकही खाडा केला नाही, तर १ ऑगस्टला तेरा आठवडे पूर्ण होऊन अठ्ठ्याहत्तर दिवस भरतात आणि ४ ऑगस्टला ऐंशी. आठवडा पाच दिवसांचा असेल तर हाच आकडा २१ ऑगस्टला गाठला जातो. प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते, म्हणजे इथे साधारण २० ऑगस्टपासून. थोडक्यात, ती वेळेत बसते. हवं तर शेवटच्या आठवड्यांपर्यंत काम करून उरलेली सगळी रजा बाळ झाल्यावरही घेता येते, कारण सव्वीस आठवड्यांपैकी आधी किती घ्यायचे हे तिने ठरवायचं असतं. आठ ही फक्त कमाल मर्यादा आहे.

आता तीच बाई ६ जुलैला रुजू झाली असं धरू. सहा दिवसांच्या आठवड्यात ऐंशी दिवस ६ ऑक्टोबरला भरतात. प्रसूतीला तेव्हा जेमतेम नऊ दिवस उरलेले असतात, आणि मध्येच डॉक्टरांनी चार दिवस विश्रांती सांगितली तर हिशेब अगदी काठावर येतो. पाच दिवसांच्या आठवड्यात तर १४ ऑक्टोबरपर्यंत त्र्याहत्तरच दिवस होतात. म्हणजे त्याच पगाराच्या आणि त्याच पदाच्या दोघींपैकी एकीला कार्यालयाला शनिवार सुट्टी असल्यामुळे सव्वीस आठवड्यांचा पगार गमवावा लागू शकतो.

हे दिवस मोजताना भरपगारी म्हणून कायद्याने ठरवलेल्या सुट्ट्या धरल्या जातात. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या मालकांना अशा आठ सुट्ट्या द्याव्या लागतात आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर त्यांत येतात. ले-ऑफचे दिवसही मोजले जातात. बिनपगारी रजा मात्र मोजली जात नाही. साप्ताहिक सुट्टीच्या भरवशावर तर कुणी हिशेब करू नये. वरची मोजणी मी मुद्दाम तिला वगळूनच केली आहे. हजेरीच्या नोंदीचा फोटो किंवा बायोमेट्रिकची प्रत दर महिन्याला स्वतःजवळ ठेवावी, कारण वाद झाला की तो त्या आकड्यावरूनच होतो.

ऐंशी दिवस भरले की मग प्रोबेशन, कंत्राट, ‘आमच्या पॉलिसीत एक वर्ष लागतं’ असली कारणं चालत नाहीत. कायद्यापेक्षा कमी देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही. कंत्राट संपलं म्हणजे रजाही संपली, असंही नाही. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरने १ जून २०१७ पासून रजा मागितली होती आणि तिचं कंत्राट ११ जूनला संपणार होतं. रुग्णालयाने तेवढ्या अकरा दिवसांचेच पैसे देऊ केले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पात्रता एकदा मिळाली की लाभ कंत्राटाच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो, असं न्यायालयाने म्हटलं. पगाराचा दर ठरतो तो रजेच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर, त्यामुळे मे महिन्यात रुजू झालेल्या आपल्या बाईला नव्या, बहुधा वाढलेल्या पगाराप्रमाणे पैसे मिळतील.

दुसरी अट माणसांची. कारखाना, खाण आणि मळा यांना हा कायदा तसाही लागू होतो. दुकान, दवाखाना, सल्लागाराचं ऑफिस, शिकवणी वर्ग यांना तो लागू होण्यासाठी तिथे दहा किंवा अधिक माणसं कामावर असावी लागतात, किंवा आधीच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी तरी असायला हवीत. हा ‘एखाद्या दिवशी’ फार महत्त्वाचा आहे. आज आठ जण काम करत असतील, पण दिवाळीच्या हंगामात अकरा होते, तर मालकाला आठचा आकडा पुढे करता येत नाही. त्यात शिपाई, ड्रायव्हर, अर्धवेळ हिशेबनीस हेही कामावरची माणसंच. मालक नऊ म्हणत असेल तर गुमास्ता परवान्यावरची संख्या, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी आणि पगारपत्रकं यांतून खरा आकडा बाहेर येऊ शकतो. पुढे पन्नास माणसांवर पाळणाघराचीही सोय करावी लागते, पण रजेचा हक्क ठरतो तो दहाच्या उंबरठ्यावर.

दहाच्या आत असलेल्या मालकावर ही जबाबदारी नाही. या सूटीमागचं कारण समजण्यासारखं आहे: या कायद्याखाली सव्वीस आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो आणि सहा माणसांच्या ऑफिसला तो जड जातो. माझ्या मते चूक नेमकी इथेच आहे. प्रसूतीचा खर्च एकेका मालकावर टाकला की छोट्याला सूट द्यावी लागते आणि मोठा मालक नेमताना बाईचं वय पाहू लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात हा भार विमा किंवा सार्वजनिक निधीने उचलावा असं तत्त्व आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

आणि तरीही आपल्याकडे तशी एक व्यवस्था आहेच: राज्य कर्मचारी विमा योजना, जिला सगळे ईएसआय म्हणतात. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ती आहे. तिच्यात पैसे मालक देत नाही, महामंडळ देतं. आणि तिची पात्रता एका मालकाला चिकटलेली नसते, बाईच्या विमा क्रमांकाला असते. नोकरी बदलणारीला याचा किती उपयोग आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं.

समजा, वरच्याच तारखांची दुसरी एक बाई भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये अठरा हजारांवर होती आणि दरमहा तिचं ईएसआय कापलं जात होतं. ३० एप्रिल २०२६ ला तिने ती नोकरी सोडली आणि घराजवळच्या सहा जणांच्या दवाखान्यात ती लागली. तिथे ईएसआय नाही आणि प्रसूती रजेचा कायदाही लागू नाही. तिला वाटतं, सगळं गेलं. पण ईएसआयचा हिशेब सहामाही असतो. ऑक्टोबर ते मार्च या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा त्यापुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. तिची प्रसूती ऑक्टोबरात, म्हणजे जुलै-डिसेंबरच्या लाभकाळात येते. त्यासाठी मागच्या दोन सलग वर्गणीकाळांत, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात, सत्तर दिवसांची वर्गणी पुरते. तिची वर्षभराची आहे. सव्वीस आठवड्यांचे पैसे ती महामंडळाकडून मागू शकते, फक्त त्या काळात तिने पगारी काम करता कामा नये. जवळच्या शाखा कार्यालयात विमा क्रमांक, डॉक्टरचा दाखला आणि बँकेचं पासबुक घेऊन जावं, आणि तेही प्रसूतीच्या आधी.

जुन्या मालकाकडे मात्र राजीनामा दिल्यावर काही मागता येत नाही. काढून टाकलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. गरोदरपणात कामावरून काढलं आणि तसं केलं नसतं तर लाभ मिळाला असता, अशा बाईचा लाभ गंभीर गैरवर्तनाचा अपवाद सोडता बुडत नाही. म्हणून गरोदर असल्याचं कळल्यावर ‘तूच राजीनामा दे, अनुभवाचं पत्र चांगलं देतो’ असं कुणी म्हणालं तर सही करू नये. त्या एका कागदाने काढून टाकण्याचं रूपांतर स्वेच्छेच्या राजीनाम्यात होतं. सही न करता श्रम आयुक्त कार्यालयातल्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी.

राहिली ६ जुलैला रुजू झालेली, पाच दिवसांच्या आठवड्याची बाई. त्र्याहत्तर दिवसांवर कायदा तिला पैसे देत नाही, पण प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तिला कामावर लावायला मालकाला मनाई आहे. ती मनाई ऐंशी दिवसांवर अवलंबून नाही. उरलेलं सगळं बोलणीवर येतं, आणि ती बोलणी जुन्या ठिकाणी राजीनामा देण्याआधी व्हायला हवी. नव्या कंपनीला विचारावं: रुजू होण्याची तारीख तीन आठवडे अलीकडे घेता येईल का? जूनच्या मध्यावर, सोमवारी १५ तारखेला रुजू झाली, तर पाच दिवसांच्या आठवड्यातही १४ ऑक्टोबरपर्यंत अठ्ठ्याऐंशी दिवस होतात, म्हणजे आठ दिवस खाडे झाले तरी चालतात. तारीख बदलता येत नसेल तर ऐंशी दिवसांची अट न लावता रजा देऊ, असं नेमणूकपत्रातच लिहून मागावं. तोंडी ‘हो, बघू’ म्हणणारी व्यक्ती ऑक्टोबरात त्या खुर्चीवर नसूही शकते.