जांभळ्या फुलाच्या पोटात काय आहे?

वाटाण्याची 929 रोपं. त्यांपैकी 705 रोपांना जांभळी फुलं आली आणि 224 रोपांना पांढरी. आनुवंशिकतेचा धडा परीक्षेसाठी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला यातून निघणारं 3:1 हे गुणोत्तर तोंडपाठ असतं. पण प्रश्न जरा फिरवून विचारला की तेच पाठांतर अडचणीत आणतं. ‘जांभळ्या फुलाच्या एका रोपाचा पांढऱ्या फुलाच्या रोपाशी संकर केला, निम्मी संतती पांढरी निघाली, तर जनक रोपाचा जनुकप्रकार सांगा’, असा प्रश्न आला की हात थबकतो, कारण यात 3:1 कुठेच नाही. धडा समजला आहे की नाही, ते अशाच प्रश्नात कळतं. म्हणून इथे वाटाण्याचा एकच गुणधर्म घेऊ, फुलाचा रंग, आणि त्याच्यामागे शेवटपर्यंत जाऊ.

ही 929 रोपं ग्रेगोर मेंडेल यांनी मोजलेली. आजच्या चेक प्रजासत्ताकातलं ब्रनो शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. तिथल्या मठाच्या बागेत 1856 ते 1863 या काळात त्यांनी वाटाण्यावर प्रयोग केले, 1865 मध्ये ते शहराच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले आणि 1866 मध्ये छापले. वाटाणाच का, याचं उत्तर फुलाच्या रचनेत आहे. वाटाण्याच्या फुलात खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारखा आकार तयार होतो. त्या होडीत दहा पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर बंदिस्त असतात. फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागण उरकतं. त्यामुळे वाटाण्याचं रोप साधारणपणे स्वतःच्याच परागावर फळतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं की वाण शुद्ध होतो: जांभळ्याला जांभळीच, पांढऱ्याला पांढरीच फुलं येतात.

संकर करायचा तर या बंदिस्त व्यवस्थेत हात घालावा लागतो. कळी अजून कोवळी असताना, परागकोश फुटण्याआधी, ती होडी अलगद उघडायची आणि चिमट्याने दहाच्या दहा पुंकेसर काढून टाकायचे. मग दुसऱ्या वाणाचा पराग स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर लावायचा. एक परागकोश जरी आत फुटला तरी सगळा प्रयोग बिघडतो, कारण तयार होणारं बी संकराचं की स्वपरागणाचं ते सांगता येत नाही. मादी रोप पांढऱ्या फुलाचं घेतलं असेल तर ही चूक पुढच्या हंगामात उघडी पडते. संकर म्हणून पेरलेल्या बियांतून पांढरं फूल आलं, की समजायचं, पराग घरचाच होता.

‘पुढच्या हंगामात’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. ज्या रोपावर संकर केला त्याच्या फुलांचा रंग बदलत नाही. ती फुलं त्या रोपाचीच, मागच्या पिढीची. संकराचा परिणाम त्या फुलापासून धरलेल्या शेंगेतल्या बियांत असतो. ते बी पेरून रोप वाढलं आणि फुलावर आलं की पहिली पिढी, F₁, दिसते. तिच्या बिया पेरल्या की त्याच्या पुढच्या हंगामात F₂. बियांच्या पिवळ्या-हिरव्या रंगाचं तसं नाही. तो शेंग उघडताच दिसतो, कारण बियांच्या आतली दलं नव्या पिढीचीच असतात. परीक्षेतल्या आकृतीत पिढ्यांची गल्लत होते ती बहुतेक वेळा इथेच.

मेंडेलनी शुद्ध जांभळा आणि शुद्ध पांढरा यांचा संकर केला. रंग कालवल्यासारखं दोन्ही जनकांचं मिश्रण होत असेल तर F₁ फिकट जांभळी यायला हवी होती. आली ती सगळीच्या सगळी पूर्ण जांभळी. पराग कोणाचा आणि मादी रोप कोणतं, याची अदलाबदल केली तरी फरक पडला नाही. या रोपांना स्वपरागणाने बी धरू दिलं, तेव्हा F₂ मध्ये पांढरं फूल परत आलं आणि तेही निखळ पांढरं, कुठेही जांभळ्याची छटा नसलेलं. म्हणजे F₁ मध्ये पांढऱ्याला कारण असणारी वस्तू नष्टही झाली नव्हती आणि मिसळूनही गेली नव्हती. ती होती, फक्त दिसत नव्हती.

या वस्तूला आपण आज जनुक म्हणतो, आणि तिच्या दोन पर्यायी रूपांना युग्मविकल्पी किंवा अलील. जांभळ्यासाठी A आणि पांढऱ्यासाठी a ही अक्षरं घेऊ. मेंडेलनीही अशीच मोठी-लहान अक्षरं वापरली होती. उत्तरपत्रिकेत P-p किंवा W-w घेतलं तर घाईच्या अक्षरात मोठं कोणतं नि लहान कोणतं ते तपासणाऱ्याला कळत नाही आणि बरोबर उत्तराचे गुण जातात. A आणि a यांत तो धोका नाही. प्रश्नपत्रिकेनेच अक्षरं दिली असतील तर अर्थात तीच वापरायची.

प्रत्येक रोपात या जनुकाच्या दोन प्रती असतात, पण परागात किंवा बीजांडात एकच जाते. शुद्ध जांभळा AA, त्याच्या प्रत्येक युग्मकात A. शुद्ध पांढरा aa, त्याच्या प्रत्येक युग्मकात a. दोघांची सगळी संतती Aa. आता F₁ स्वतः युग्मक तयार करताना या दोन प्रती वेगळ्या होतात: निम्म्यांत A, निम्म्यांत a. हाच विलगीकरणाचा नियम, आणि या धड्याचा गाभा. पनेट चौकोनात वर A आणि a लिहा, बाजूला A आणि a लिहा, चार घरं भरा: AA, Aa, Aa, aa. A असलेली तीन घरं जांभळी, एक पांढरं. दिसण्याचं गुणोत्तर 3:1, जनुकांचं गुणोत्तर 1:2:1. पहिलं स्वरूपाचं म्हणजे फिनोटाइपचं, दुसरं जीनोटाइपचं. प्रश्नात कोणतं मागितलंय ते वाचूनच लिहा.

चौकोनातली चार घरं म्हणजे चार रोपं नव्हेत. ती प्रत्येक बीबाबतची शक्यता सांगतात. F₁ च्या चारच बिया पेरल्या तर बरोबर तीन जांभळी आणि एक पांढरं निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम 42 आहे. चारही जांभळी निघणं मुळीच विरळ नाही. मेंडेलच्या 929 रोपांतसुद्धा काटेकोर पाव हिस्सा म्हणजे 232 पांढरी यायला हवी होती, आली 224. गुणोत्तर पडलं 3.15:1. संख्या मोठी असली की आकडा तीनाच्या जवळ येतो, अगदी तीन होत नाही.

आता जो भाग धड्यात घाईने उरकला जातो तो. F₂ मधली ही 705 जांभळी रोपं एकसारखी दिसतात. चौकोन म्हणतो की त्यांतली एक तृतीयांश AA आणि दोन तृतीयांश Aa असावीत. फूल कितीही निरखून पाहिलं तरी ते कळणार नाही. रोपाच्या पोटात काय आहे ते त्याच्या संततीलाच विचारावं लागतं. मेंडेलनी अशी 100 रोपं निवडली आणि प्रत्येकाच्या दहा-दहा बिया पेरल्या. वाटाण्यात फुलाचा रंग आणि बीच्या सालीचा रंग बरोबरच जातात, जांभळ्या फुलाला करडी-तपकिरी साल आणि पांढऱ्या फुलाला पांढरी, म्हणून नोंद सालीवरून ठेवता आली. 36 रोपांची सगळी संतती करड्या सालीची निघाली. 64 रोपांच्या संततीत करडी आणि पांढरी दोन्ही होती. अपेक्षा 33 आणि 67 ची, मिळालं त्याच्या जवळपास.

या पद्धतीत एक फटही आहे. Aa रोपाच्या दहाही बिया योगायोगाने A असलेल्याच निघू शकतात. तशी शक्यता तीन चतुर्थांशाचा दहावा घात, म्हणजे साधारण अठरात एक. अशी रोपं चुकून शुद्ध समजली जाणार. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1936 मध्ये मेंडेलच्या आकड्यांची तपासणी करताना हाच मुद्दा मांडला होता.

यापेक्षा थेट वाट म्हणजे चाचणी संकर: अज्ञात जांभळ्या रोपाचा पांढऱ्याशी संकर. पांढरं रोप aa, ते फक्त a देतं, आणि a काही झाकू शकत नाही. त्यामुळे जांभळ्या रोपाच्या युग्मकात जे असेल तेच संततीच्या फुलात उघडपणे दिसतं. AA असेल तर सगळी जांभळी, Aa असेल तर निम्मी-निम्मी. मेंडेलनी मिश्र रोपांवर असा प्रयोग केला तेव्हा 166 रोपांपैकी 85 जांभळी आणि 81 पांढरी आली.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे याच रीतीने जायचं. समजा संकरातून 62 रोपं मिळाली, 30 जांभळी आणि 32 पांढरी. आधी पांढऱ्या संततीकडे पाहा, तिच्याबद्दल शंका नसते. ती aa आहे, म्हणजे दोन्ही जनकांकडून तिला एकेक a मिळाला. म्हणून जांभळ्या जनकात a आहेच; तो जांभळा आहे म्हणून A सुद्धा आहे. जनक Aa. हीच वाट प्रत्येक उलट्या प्रश्नाला चालते: पांढऱ्यापासून सुरुवात करा आणि मागे जा. दोन जांभळ्या रोपांना एक जरी पांढरं अपत्य झालं तरी दोघंही Aa. दोन पांढऱ्यांपासून मात्र जांभळं येणार नाही. प्रश्न उलटा वळवून ‘जांभळ्याची पाच रोपं जांभळीच आली, तर जनक AA का?’ असं विचारलं, तर चाचणी संकरात Aa जनकाचीही पाचही रोपं जांभळी येण्याची शक्यता बत्तिसात एक उरते. उत्तर ‘बहुधा AA’ असं द्यायचं. पण एकच पांढरं रोप निघालं तर शंकेला जागा राहत नाही.

Aa फूल फिकट का पडत नाही? या जनुकाचा शोध 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. जांभळं रंगद्रव्य, अँथोसायनिन, तयार करणाऱ्या जनुकांना कामाला लावणारं प्रथिन हे A जनुक बनवतं. पांढऱ्या वाणात त्याच्या डीएनएमधलं एकच अक्षर बदललं आहे, त्यामुळे त्यावरून निघणारा संदेश नीट जोडला जात नाही आणि प्रथिन निकामी होतं. A ची एक चांगली प्रत असली की पुरेसं प्रथिन तयार होतं आणि फूल पूर्ण रंगतं. a ही A ला दाबत नाही की A ही a ला हरवत नाही. a कडून कामच होत नाही, इतकंच.

प्रत्येक झाडात एक प्रत पुरतेच असं नाही. गुलबक्षीत लाल आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला की F₁ गुलाबी येते. ही अपूर्ण प्रभाविता. गुलाबी रंग पाहून मिश्रणाची जुनी कल्पना बरोबर वाटू लागते, पण दोन गुलाबी रोपांच्या संततीत एक भाग लाल, दोन भाग गुलाबी आणि एक भाग पांढरी फुलं येतात. इथे दृश्य गुणोत्तर आणि जनुकांचं गुणोत्तर दोन्ही 1:2:1 असतं, आणि मिसळून गेल्यासारखे वाटणारे लाल नि पांढरे जनुक पुढच्या पिढीत जसेच्या तसे वेगळे निघतात.