नजर, हाक आणि बोट : लहान मुलांमधील ऑटिझमची सुरुवातीची चिन्हे

ऑटिझम किंवा स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. तिचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. एक म्हणजे इतरांशी होणारी देवाणघेवाण, आणि दुसरे म्हणजे त्याच त्या हालचाली, ठरावीक आवडी आणि आवाज, स्पर्श, उजेड यांविषयीची कमी-अधिक संवेदनशीलता. पुष्कळ मुलांमध्ये ही चिन्हे १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान ओळखता येतात. तरीही काही पक्क्या समजुतींमुळे तपासणी लांबणीवर पडते.

गैरसमज : मूल नजरेला नजर देते, म्हणजे ऑटिझम नाही.

वस्तुस्थिती : ऑटिझम असलेली अनेक मुले डोळ्यांत पाहतात. गुदगुल्या केल्यावर किंवा उचलून फिरवल्यावर ती आईकडे बघून हसतातही. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुढे ऑटिझमचे निदान झालेली बाळे दुसऱ्या महिन्यात इतर बाळांइतकीच डोळ्यांकडे पाहत होती. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात त्यांचे हे पाहणे हळूहळू घटत गेले. त्यामुळे नजर आहे की नाही एवढाच प्रश्न अपुरा ठरतो. मूल तिचा उपयोग कशासाठी करते, हे पाहावे लागते.

अंगणात कुत्रा दिसला की दीड वर्षाचे मूल साधारणपणे कुत्र्याकडे बोट दाखवते, मग आईकडे पाहते आणि पुन्हा कुत्र्याकडे वळते. त्याला कुत्रा नको असतो. आपल्याला दिसलेले आईलाही दिसावे, एवढेच हवे असते. लक्ष असे वाटून घेणे कमी असणे हे ऑटिझमचे महत्त्वाचे चिन्ह आहे. अशी मुले हवी ती वस्तू मिळवण्यासाठी अनेकदा मोठ्यांचा हात धरून फडताळाकडे नेतात, पण बोट दाखवत नाहीत आणि चेहऱ्याकडेही पाहत नाहीत.

गैरसमज : हाकेला ओ देत नाही, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज बरोबर ऐकू येतो, म्हणजे मूल हट्टी आहे.

वस्तुस्थिती : वर्षाच्या आसपास बहुतेक मुले नावाने हाक मारताच मान वळवतात. हे पाहण्यासाठी मूल खेळात असताना त्याच्या बाजूने किंवा मागून, स्पर्श न करता, नेहमीच्या आवाजात हाक मारावी. टाळी किंवा खुळखुळा वाजवू नये. एकदा मान वळली नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या दिवशी वारंवार तसेच घडत असेल, तर त्याची नोंद घ्यावी.

पुड्याचा आवाज ऐकू येतो, म्हणून कान ठीक आहेत असेही नाही. काही प्रकारच्या श्रवणदोषांत काही आवाज ऐकू येतात आणि काही निसटतात. म्हणून हाकेला प्रतिसाद कमी असल्यास श्रवणचाचणी करावीच लागते. लहान मुलांसाठी ‘बेरा’ चाचणी वापरतात. मूल झोपलेले असताना कानात आवाज देऊन श्रवणमार्गाचे विद्युत संकेत त्यात मोजले जातात. ही चाचणी चांगली आली, तर बहिरेपणाची शंका दूर होते. ऑटिझमची होत नाही.

गैरसमज : मुलगे उशिराच बोलतात, त्यामुळे तीन वर्षांपर्यंत थांबावे.

वस्तुस्थिती : फक्त बोलणे उशिरा येणारे मूल खुणांनी भरपूर सांगते. ते बोट दाखवते, टाटा करते, नकाराची मान हलवते, सांगितलेले समजून घेते. बोलण्यासोबत खुणाही कमी असतील, तर थांबण्यात मौल्यवान काळ जातो. आलेले शब्द, हसणे किंवा टाटा करणे नाहीसे झाले, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवावे. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांमध्ये अशी पीछेहाट दिसते, आणि ती बहुधा दुसऱ्या वर्षात होते.

घरात मराठी आणि हिंदी दोन्ही बोलल्यानेही ऑटिझम होत नाही. लस आणि पालकांचे वागणे ही कारणेही संशोधनात खोटी ठरली आहेत. मोबाइलचा वेळ कमी करणे सर्वच मुलांच्या हिताचे आहे. मात्र ‘आधी मोबाइल बंद करून सहा महिने पाहू’ म्हणून तपासणी लांबवू नये.

गैरसमज : रक्ताच्या तपासणीत किंवा एका प्रश्नावलीत निदान होते.

वस्तुस्थिती : ऑटिझमचे निदान करणारी रक्ततपासणी किंवा एमआरआय नाही. सुरुवात चाळणीने होते. त्यासाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांकरिता ‘एम-चॅट-आर’ ही २० प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. दोनपर्यंत गुण आल्यास धोका कमी समजतात. तीन ते सात गुण आल्यास त्याच प्रश्नांवर पालकांशी सविस्तर बोलतात. आठ किंवा अधिक आल्यास मुलाला थेट मूल्यमापनासाठी पाठवतात.

नमुन्यादाखल २० महिन्यांचा एक मुलगा घेऊ. तो चार शब्द बोलतो, गाडी उलटी करून चाक फिरवत बसतो आणि हाकेला क्वचित वळतो. प्रश्नावलीत त्याला पाच गुण मिळतात. सविस्तर बोलण्यात आई सांगते की खाऊ हवा असला की तो बोट दाखवतो, आणि दुसऱ्या मुलांकडे टक लावून पाहतो. हे दोन गुण वजा होतात. दाखवण्यासाठी बोट न करणे, वस्तू आणून न दाखवणे आणि हाकेला न वळणे हे तीन गुण उरतात. या टप्प्यावर दोन किंवा अधिक गुण उरले, तर मूल्यमापन सुचवतात. हे अजूनही निदान नव्हे. इथवर आलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना ऑटिझम निघतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांना भाषेची किंवा विकासाची दुसरी अडचण असते.

मग श्रवणचाचणी होते. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञ जन्मापासूनचा इतिहास विचारतात, मुलाशी खेळून त्याचे निरीक्षण करतात, आकलन आणि भाषा तपासतात. दवाखान्यात मूल बुजले असेल, तर घरातले व्हिडिओ उपयोगी पडतात. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्यांना जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

गैरसमज : निदानाचा कागद हाती आल्याशिवाय मदत सुरू करता येत नाही.

वस्तुस्थिती : मूल्यमापनाची तारीख लांब असली, तरी वाचा उपचार आणि पालकांचे मार्गदर्शन आधी सुरू करता येते. पुढे ऑटिझम नाही असे ठरले, तरी त्याने नुकसान होत नाही.

वरील मुलाच्या बाबतीत काम चाकापासूनच सुरू होते. वडील त्याच्यासमोर जमिनीवर बसतात, दुसऱ्या गाडीचे चाक फिरवतात, ‘फिर, फिर’ म्हणतात आणि थांबतात. मुलगा हात, नजर किंवा आवाज यांपैकी कशानेही ‘पुन्हा’ सुचवतो, तेव्हा लगेच चाक फिरते. आपल्या खुणेने समोरचा माणूस हलतो, हे त्याला अशा खेळातून कळू लागते. जेवण आणि अंघोळीच्या वेळीही हेच करता येते, त्यामुळे आठवड्यातल्या एक-दोन सत्रांचा परिणाम रोजच्या दिवसात उतरतो. हनुवटी धरून बळेच डोळ्यांत पाहायला लावू नये. काही मुलांना त्याचा त्रास होतो. चित्रकार्ड किंवा खुणा वापरल्याने बोलणे अडते, ही भीतीही निराधार आहे.

काही महिन्यांनी बोट दाखवणे, नवे शब्द, हाकेला वळणे यांची पुन्हा नोंद करून उद्दिष्टे बदलली जातात. प्रत्येक मुलाची प्रगती वेगळी असते. ऑटिझम बरा करणारे औषध नाही आणि स्टेम सेल उपचारांना त्यासाठी मान्यता नाही. झोप, फिट किंवा तीव्र चिडचिड यांसाठी मात्र डॉक्टर गरजेनुसार स्वतंत्र औषधे देतात.