एक लाख चाळीस हजारांत काय काय येतं?

बाथरूमच्या कामाचं कोटेशन कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवतं. सोबत एक ओळही नसते, पण विचारायचं काय आहे ते कळतं: महाग आहे का? नुसती बेरीज पाहून याचं उत्तर देता येत नाही. आधी एकेक ओळ वाचावी लागते.

समजा, बाथरूम ५ बाय ७ फुटांची आहे आणि एकूण आकडा १,४०,००० रुपये. त्यात टाइल्सचं माप २४० चौरस फूट लावलंय. चारी भिंतींची लांबी मिळून २४ फूट होते. दाराच्या उंचीपर्यंत, म्हणजे ७ फूट टाइल्स लावल्या आणि दाराची जागा वजा केली, तर भिंतींचे साधारण १५० आणि जमिनीचे ३५ चौरस फूट होतात. मग २४० कुठून आले? लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये. टाइल्स ९ फूट उंच छतापर्यंत धरल्या, तर माप २३५च्या आसपास जातं. उंची लिहिलेली नाही, म्हणून आधी ती विचारायची.

पुढे ‘टाइल्स बेसिक रेट ४५ रुपये’ असं असतं. या दरात माल बसेल असं कंत्राटदारानं धरलंय, एवढाच त्याचा अर्थ. दुकानात तुम्हाला ७५ रुपयांची टाइल आवडली, तर वरचे ३० रुपये तुमचे. कटिंगची घट धरून २६० चौरस फूट माल लागला, तर इथेच ७,८०० रुपये वाढतात. नळ आणि कमोडपुढे ‘ॲज पर ॲक्च्युअल’ लिहिलं असेल, तर ती रक्कम बेरजेत धरलेलीच नसते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘वॉटरप्रूफिंग, लम्पसम’ या ओळीची. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढणार, की त्याच्यावरच नुसता कोट मारणार? दोन्ही कामांना नाव एकच, खर्चात मात्र मोठा फरक. शिवाय टाइल्स बसवण्याआधी नहाणीचं तोंड बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या घराचं छत तपासायचं, ही पाँड टेस्ट लेखी हवी. टाइल्स लागल्यावर गळती निघाली, तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

आता न लिहिलेलं शोधायचं. तोडफोड आहे, पण राडारोडा खाली नेऊन गाडीनं उचलायचा कुणी? गिझरचा पॉइंट, दाराची चौकट, जीएसटी यांचा उल्लेख आहे का? दुसऱ्या कंत्राटदाराचे १,७०,००० याच गोष्टींमुळे झालेले असू शकतात.

म्हणून मत देण्याआधी हे प्रश्न कंत्राटदाराला पाठवायला सांगावं आणि उत्तरं कोटेशनमध्येच लिहून घ्यावीत. तोंडी ‘सगळं धरलंय’ म्हटलेलं शेवटच्या बिलाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.