आंघोळ संपली तरी पंखा चालू राहू द्या

पक्कं न्हाणीघर बांधलं, गीझर आला, एक्झॉस्ट पंखाही बसवला. तरी दोन पावसाळ्यांत स्लॅबवर काळे ठिपके येतात, रंगाचे पोपडे सुटतात, टॉवेलला कुबट वास येतो. बऱ्याचदा पंखा चांगला असतो, फक्त लवकर बंद होतो. तो आपोआप योग्य वेळी कसा बंद करायचा, ते आज समजून घेऊ.

गरम पाण्याच्या आंघोळीनं हवेत वाफ भरते. आपण बाहेर पडताना दिव्याबरोबर पंखाही बंद करतो. पण तेव्हा भिंती, फरशी, बादली सगळं ओलं असतं आणि त्यातून वाफ निघतच राहते. ती वर जाऊन गार स्लॅबला लागते आणि तिचं पाणी होतं. तिथं रोज ओल राहिली की बुरशी धरते.

एक हिशोब करू. न्हाणीघर ५ फूट रुंद, ७ फूट लांब, ८ फूट उंच आहे. म्हणजे आत २८० घनफूट हवा. ६ इंची पंखा जाळी आणि झडपेतून मिनिटाला साधारण ७५ घनफूट हवा बाहेर टाकतो असं धरू. चार मिनिटांत आतली सगळी हवा एकदा बदलते. पण ओल्या भिंती नव्या हवेतही वाफ सोडतात, म्हणून चार मिनिटं पुरत नाहीत. शेवटच्या आंघोळीनंतर १५ ते २० मिनिटं पंखा चालावा.

त्यासाठी टायमरचा पंखा मिळतो. दिवा लावला की तो सुरू होतो, दिवा बंद केला की ठरवलेली मिनिटं चालून थांबतो. ३५ वॅटचा पंखा सकाळी तासभर आंघोळी आणि नंतर २० मिनिटं चालला, तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही.

चूक होते ती जोडणीत. टायमरला दिव्याच्या बटणावरून येणारी एक वायर लागते, बटण बंद केल्यावरही वीज देणारी कायमची फेज लागते, आणि न्यूट्रल. बोर्डापासून ही जादा वायर ओढायचा कंटाळा केला, तर दिव्याबरोबर पंखाही बंद पडतो आणि टायमरचे पैसे वाया जातात. म्हणून वायरमन जायच्या आधी दिवा बंद करून पाहा. पंखा फिरत राहिला पाहिजे. अशा पंख्यात दिवा बंद असतानाही वीज असते, त्यामुळे पुसताना किंवा उघडताना मेन स्विचच बंद करायचा.

दुसरा प्रकार दमटपणा ओळखणाऱ्या पंख्याचा. त्यातला सेन्सर हवेतला ओलावा मोजतो. आकडा ठरवलेल्या पातळीवर गेला की पंखा सुरू होतो, खाली आला की बंद. दिव्याचं बटण कुणी विसरलं तरी बिघडत नाही. कोरड्या भागात हा छान चालतो. पण कोकणात जुलै महिन्यात बाहेरच्याच हवेत ८५–९० टक्के दमटपणा असतो. पंखा ७० वर लावला, तर बाहेरून तशीच दमट हवा आत येत राहते, आकडा खाली येतच नाही आणि पंखा दिवसरात्र फिरतो. पावसाळ्यात पातळी वाढवावी लागते. तशी वाढवायची सोय नसेल, तर अशा गावात साधा टायमरच बरा.

आता दाराकडे पाहा. बाहेर टाकलेल्या हवेइतकी हवा आत यायला हवी. प्लॅस्टिकचं दार घट्ट बसत असेल, तर पंखा नुसता घरघरतो. दाराखाली अर्ध्या इंचाची फट ठेवा. पंखा शक्यतो दारासमोरच्या भिंतीवर, उंच असावा, म्हणजे हवा पूर्ण खोलीतून जाते. पारख सोपी आहे. दार लावून पंखा सुरू करा आणि जाळीजवळ वहीचा पातळ कागद धरा. तो जाळीला चिकटला तर ठीक. पडला तर दाराची फट, जाळीवरची धूळ आणि बाहेरची झडप तपासा.

एक गोष्ट मात्र पंख्यावर सोडू नका. न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. पंख्यानं हवा ओढल्यावर तो धूर उलटा आतच येऊ शकतो. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि पाणी पाइपानं आत घ्या.

आज घरी गेल्यावर कागद धरून पाहा. शेवटच्या आंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं चालू ठेवा. टायमर नसेल तोवर घड्याळ पाहून बंद केला, तरी काम तेच होतं.